रिपल काउंटर असिंक्रोनस का, आणि वेग वाढला की सिंक्रोनस काउंटर का लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगळं सांगितलं नसेल तिथे खालचे आकडे ५ व्होल्टवर चालणाऱ्या एलएस टीटीएल आयसींचे आहेत. ७४एलएस७३ए किंवा ७४एलएस७६ए या जेके फ्लिप-फ्लॉपमध्ये क्लॉकची एज आल्यापासून क्यू बदलेपर्यंत साधारण १५ नॅनोसेकंद जातात, फार तर २०. उदाहरणांत १५ धरले आहेत, कारण गणित डोळ्यांसमोर राहतं. प्रत्यक्ष डिझाइन करताना मात्र डेटाशीटमधला कमाल आकडाच धरावा.

## रिपल काउंटरला क्लॉक आहे, मग त्याला असिंक्रोनस का म्हणतात?

क्लॉक आहे, पण तो फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपला मिळतो. दुसऱ्याच्या क्लॉक पिनला पहिल्याचा क्यू जोडलेला असतो, तिसऱ्याच्या क्लॉकला दुसऱ्याचा क्यू, आणि पुढेही तसंच. बाहेरून आलेली एज फक्त क्यूए हलवते. क्यूए १ वरून ० झाला तरच क्यूबीला एज मिळते, आणि क्यूबी पडला तरच क्यूसीला.

म्हणजे चारही फ्लिप-फ्लॉपना ‘आता बदला’ असं सांगणारा एकच क्षण इथे नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याचं काम संपण्याची वाट पाहतो. ‘असिंक्रोनस’ या शब्दाचा इथला अर्थ इतकाच आहे: सगळ्यांना समान असा क्लॉकचा क्षण नसणं. तोंडी परीक्षेत ‘ज्याला क्लॉक नसतो तो असिंक्रोनस’ असं उत्तर हमखास ऐकू येतं. ते चूक आहे.

## उशीर साचतो म्हणजे नेमकं काय होतं?

चार बिटांचा वर मोजणारा काउंटर घ्या. तो ७ वर, म्हणजे ०१११ वर उभा आहे (डावीकडून क्यूडी, क्यूसी, क्यूबी, क्यूए). आता क्लॉकची पडती एज आली. तो क्षण शून्य धरू.

| वेळ (नॅनोसेकंद) | काय बदललं | आउटपुट | दिसणारा आकडा |
|---|---|---|---|
| ० ते १५ | अजून काही नाही | ०१११ | ७ |
| १५ ते ३० | क्यूए पडला | ०११० | ६ |
| ३० ते ४५ | क्यूबी पडला | ०१०० | ४ |
| ४५ ते ६० | क्यूसी पडला | ०००० | ० |
| ६० नंतर | क्यूडी चढला | १००० | ८ |

७ वरून ८ वर जाताना काउंटर ६, ४ आणि ० या तीन आकड्यांना शिवून गेला. यातला कुठलाही आकडा मोजणीत खरा नव्हता. एकेका फ्लिप-फ्लॉपचा उशीर १५ नॅनोसेकंदच होता, पण ते एकापुढे एक लागल्यामुळे शेवटच्या बिटापर्यंत ६० झाले. दहा बिट असते तर १५० झाले असते.

मधले आकडे नेहमी जुन्या आकड्यापेक्षा लहान असतात, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. खालची बिटं एकेक करून शून्य होत जातात आणि शेवटी एक वरचं बिट चढतं. त्यामुळे वर मोजणारा रिपल काउंटर मध्येच खोटा मोठा आकडा दाखवत नाही, आधी येऊन गेलेला लहान आकडाच पुन्हा दाखवतो. खाली मोजणाऱ्याचं उलट असतं: ८ वरून ७ वर येताना ९, ११ आणि १५ दिसून जातात. बिघाड शोधताना हा फरक फार कामाला येतो.

## प्रत्येक पल्सला पूर्ण ६० नॅनोसेकंद लागतात का?

नाही, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. ६ वरून ७ वर जाताना फक्त क्यूए बदलतो, म्हणजे १५ नॅनोसेकंदांत काम संपतं. दर दोनपैकी एका पल्सला एवढंच घडतं. सोळा पल्सची सरासरी काढली तर दर पल्सला १.८७५ फ्लिप-फ्लॉप बदलतात, म्हणजे साधारण २८ नॅनोसेकंद. पूर्ण ६० लागतात ते फक्त ७ ते ८ आणि १५ ते ० या दोन ठिकाणी.

म्हणून वेगाच्या काठावर चालवलेला रिपल काउंटर बहुतेक आकडे बरोबर दाखवतो आणि नेमका ८ व ० ला चुकतो. असा दोष वायरिंगमधल्या सैल जोडणीसारखा वाटतो. चूक नेहमी २, ४, ८, १६ यांच्या पटींपाशीच येत असेल, तर तार हलवून बघत बसू नका. तो साचलेला उशीर आहे.

## मग रिपल काउंटरचा कमाल वेग किती?

पुस्तकांत एकच सूत्र असतं: `f = 1/(N × tpd)`. यात `N` म्हणजे बिटांची संख्या आणि `tpd` म्हणजे एका फ्लिप-फ्लॉपचा उशीर. चार बिट आणि १५ नॅनोसेकंद घातले की १६.७ मेगाहर्ट्झ येतात. सूत्र चूक नाही, पण ते कोणत्या कामासाठी आहे हे सांगायचं राहून जातं. रिपल काउंटरला खरं तर तीन वेगवेगळ्या मर्यादा असतात आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच लांब असू शकतात.

पहिली मर्यादा मोजण्याची. ती फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपवर ठरते, कारण पूर्ण वेगाचा क्लॉक त्यालाच खावा लागतो. दुसऱ्याला निम्मा वेग मिळतो, तिसऱ्याला पाव. ७४एलएस९३ च्या ए इनपुटला ३२ मेगाहर्ट्झपर्यंतचा क्लॉक चालतो. बिटं चार असोत की चौदा, एकही पल्स हरवत नाही.

दुसरी मर्यादा आउटपुटवर बरोबर आकडा निदान क्षणभर तरी दिसण्याची. पूर्ण बदल स्थिर व्हायला `N × tpd` लागतात. पुढची एज `T` ला येते आणि तिचा पहिला परिणाम `T + tpd` ला दिसतो. म्हणजे बरोबर आकडा दिसण्याची खिडकी उरते ती अशी:

```
W = T - (N - 1) × tpd
```

तिसरी मर्यादा तो आकडा पुढच्या क्लॉकला लॅचमध्ये पकडण्याची. लॅचला एज येण्याआधी डेटा काही वेळ स्थिर लागतो, तो त्याचा सेटअप टाइम:

```
T ≥ N × tpd + tsu
```

सेटअप २० नॅनोसेकंद धरला तर `T` किमान ८० हवा, म्हणजे १२.५ मेगाहर्ट्झ. एकाच आयसीला मोजायला ३२ आणि वाचायला १२.५, आणि बिटं वाढवली की फक्त दुसरा आकडा घसरत जातो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या फरकात आहे: साचलेला उशीर मोजणी बिघडवत नाही, वाचणं बिघडवतो.

## वेग मर्यादेपलीकडे गेला तर आउटपुटवर काय दिसतं?

वरचीच ७ ते ८ ची उडी पाहू. २० मेगाहर्ट्झला पुढची एज ५० नॅनोसेकंदांवर येते, म्हणजे क्यूडी अजून चढायचा असतानाच. क्यूडी ६० ला चढतो आणि क्यूए ६५ ला पुन्हा १ होतो. त्यामुळे ८ हा आकडा फक्त ५ नॅनोसेकंद टिकतो. तो पकडेल असा एलएस लॅच नाही.

२५ मेगाहर्ट्झला तर गंमतच होते. पुढची एज ४० वर येते आणि क्यूए ५५ ला चढतो, पण क्यूडी ६० लाच चढणार असतो. आउटपुटवर ७, ६, ४, ०, १ आणि मग एकदम ९ असा क्रम दिसतो. ८ आलाच नाही. काउंटरने मात्र पल्स बरोबर मोजली आहे. क्लॉक तिथेच थांबवून थोडा वेळ दिलात तर आउटपुटवर जितका हवा तितकाच आकडा मिळेल.

## ‘० आला की पल्स द्या’ असा गेट लावला, तर तो भलत्या वेळी का पेटतो?

कारण तो गेट प्रामाणिकपणे समोर आलेला शून्यच ओळखतो. ७ ते ८ च्या उडीत ४५ ते ६० नॅनोसेकंदांच्या दरम्यान आउटपुट खरोखर ०००० असतं. ३ वरून ४ वर जाताना २ आणि ० दिसतात, आणि १ वरून २ वर जातानाही मध्ये ० येतो. म्हणजे दर १६ पल्समध्ये शून्याचा गेट एकदा खरा पेटतो आणि तीनदा खोटा.

एलईडीवर हा १५ नॅनोसेकंदांचा स्पाइक दिसणं अशक्य आहे. पण तीच तार दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला किंवा क्लिअरला गेली असेल, तर तो सहज ट्रिगर होतो. डीकोडरच्या आउटपुटवर कपॅसिटर लावून स्पाइक गिळायचा उपाय अनेक जण करतात. तो टाळा. कपॅसिटरमुळे खरी एजही मंदावते, आणि मंद एज टीटीएलच्या क्लॉक पिनला दिली की दुसराच त्रास उभा राहतो. योग्य उपाय म्हणजे ७४एलएस१३८ सारखा इनेबल पिन असलेला डीकोडर घ्यायचा आणि काउंटर स्थिर झाल्यावरच त्याला इनेबल द्यायचं. काउंटर पडत्या एजवर चालत असेल आणि क्लॉकचा अर्धा काळ `N × tpd` पेक्षा मोठा असेल, तर क्लॉक १ असतानाच डीकोडर चालू ठेवणं पुरतं.

## नॅण्ड गेटने रिसेट करून केलेला मॉड-१० काउंटर कधीकधी ८, ९, ८, ९ असा का अडकतो?

या सर्किटमध्ये क्यूबी आणि क्यूडी नॅण्डला देतात. १०१० आला की नॅण्डचं आउटपुट ० होतं आणि चारही क्लिअर पिना खाली जातात. अडचण अशी की रिसेट पल्स स्वतःच स्वतःला संपवते. क्यूबी आधी शून्य झाला की नॅण्ड लगेच सुटतो. क्यूडीचा फ्लिप-फ्लॉप थोडा संथ असला किंवा त्याच्या आउटपुटवर भार जास्त असला, तर तो क्लिअर व्हायच्या आधीच पल्स संपते आणि १००० उरतो. पुढे ९, मग १०, आणि पुन्हा ८. उलट क्यूडी आधी पडला तर २ पासून मोजणी सुरू होते.

दोन जादा नॅण्ड गेटांचा एसआर लॅच बसवला की हे थांबतं. रिसेटच्या नॅण्डचं आउटपुट लॅचच्या सेट इनपुटला द्या, उलटा केलेला क्लॉक रिसेट इनपुटला द्या, आणि क्लिअर पिना लॅचच्या क्यू बार आउटपुटवरून चालवा. क्लॉक पडला की मोजणी १० होते आणि लॅच सेट होतो. क्लॉक पुन्हा चढेपर्यंत तो तसाच राहतो. आता रिसेट पल्स अर्ध्या क्लॉकच्या आसपास टिकते आणि कुठलाही फ्लिप-फ्लॉप त्यातून सुटत नाही. नुसता दहाने भाग द्यायचा असेल तर या खटाटोपाची गरज नाही. ७४एलएस९० मध्ये दहाची मोजणी आतल्या गेटिंगनेच होते, रिसेटच्या युक्तीने नाही.

## सिंक्रोनस काउंटर हा उशीर नेमका कुठे घालवतो?

तो फ्लिप-फ्लॉपचा उशीर कमी करत नाही. १५ नॅनोसेकंद तिथेही लागतात. फरक एवढाच की ते १५ सगळ्यांचे एकाच वेळी जातात, एकामागून एक नाही.

बायनरी मोजणीचा नियम साधा आहे: एखादं बिट बदलतं ते त्याच्या खालची सगळी बिटं १ असतील तेव्हाच. म्हणून चारही फ्लिप-फ्लॉपना एकच क्लॉक द्यायचा आणि बदलायचं की नाही हे जे-के पिनांवर आधीच सांगून ठेवायचं. पहिल्याला जे आणि के कायम १, दुसऱ्याला क्यूए, तिसऱ्याला क्यूए आणि क्यूबी यांचा अँड, चौथ्याला तिन्हींचा अँड. ७ वर उभं असताना हे सगळे अँड १ होऊन बसलेले असतात. एज आली की चारही बिटं एकदम बदलतात आणि १५ नॅनोसेकंदांनी ८ दिसतो.

रिपलमध्ये वरच्या बिटाला निरोप क्लॉकच्या एजनंतर निघतो. इथे तो एजच्या आधी पोचलेला असतो. दोन एजांमधला रिकामा वेळ कामी लावला, हीच सगळी करामत आहे. अँड गेटचा उशीर `tgate` १० नॅनोसेकंद धरला, तर वेगाची मर्यादा मग अशी होते:

```
T ≥ tpd + tgate + tsu = 15 + 10 + 20 = 45 ns   (सुमारे 22 MHz)
```

यात `N` कुठेच नाही. वाचण्याच्या कामाला रिपलची १२.५ आणि याची २२, तेही फक्त चार बिटांना. बारा बिटांच्या रिपलला याच हिशेबाने १२ × १५ + २० म्हणजे २०० नॅनोसेकंद लागतात आणि मर्यादा ५ मेगाहर्ट्झवर येते.

## म्हणजे सिंक्रोनस काउंटरला कितीही बिटं लावली तरी वेग तोच राहतो?

कागदावर हो. हातात आयसी घेतल्या की तसं नाही, कारण अँड गेटांचीही साखळी होऊ शकते. खरी आयसी घेऊन पाहू: ७४एलएस१६१ए, चार बिटांचा सिंक्रोनस काउंटर. १६ बिटांसाठी चार आयसी लागतात. प्रत्येकीला `ENP` आणि `ENT` अशी दोन इनेबल इनपुट आणि `RCO` हे कॅरी आउटपुट असतं. डेटाशीटमधले कमाल आकडे असे: क्लॉकपासून `RCO` पर्यंत ३५ नॅनोसेकंद, `ENT` पासून `RCO` पर्यंत १४, आणि इनेबलचा सेटअप २०.

सरळ जोडणीत पहिल्या आयसीचा `RCO` दुसरीच्या `ENT` ला, दुसरीचा तिसरीच्या, तिसरीचा चौथीच्या. पहिली आयसी १५ वर पोचली की कॅरी दोन आयसींमधून पार होऊन चौथीला वेळेत मिळायला हवा:

```
35 + 14 + 14 + 20 = 83 ns   (सुमारे 12 MHz)
```

क्लॉक सगळ्यांना एकच आहे, पण कॅरी मात्र अजूनही रांगेतच चालतोय. रिपल क्लॉकमधून निघाला आणि कॅरीमध्ये जाऊन बसला.

त्याच चार आयसी वेगळ्या जोडा. पहिलीचा `RCO` बाकी तिघींच्या `ENP` ला एकदम द्या. दुसरीचा `ENT` कायम १ ठेवा, तिचा `RCO` तिसरीच्या `ENT` ला आणि तिसरीचा चौथीच्या `ENT` ला द्या. आता गोष्ट बदलते. दुसरी आयसी १५ वर येते ती पहिली शून्यावर जाते त्याच एजला. तिथून पहिली पुन्हा १५ वर पोचायला पंधरा क्लॉक लागतात, आणि तेवढ्या वेळात `ENT` ची साखळी आरामात स्थिर होते. घाईचा एकच मार्ग उरतो, पहिलीच्या `RCO` पासून बाकीच्यांच्या `ENP` पर्यंत:

```
35 + 20 = 55 ns   (सुमारे 18 MHz)
```

एकही गेट न वाढवता १२ चे १८ मेगाहर्ट्झ झाले, आणि आणखी आयसी जोडल्या तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. ही जोडणी डेटाशीटमध्येच दिलेली असते. ब्रेडबोर्डवर मात्र बहुतेक वेळा पहिलीच दिसते.

## `RCO` थेट पुढच्या आयसीच्या क्लॉकला जोडला तर?

मग दोन आयसींमध्ये तुम्ही पुन्हा रिपल काउंटरच बांधलात. शिवाय एक जादा धोका ओढवून घेतलात. `RCO` हे डीकोड केलेलं आउटपुट आहे. चार बिटं बदलताना त्यांच्यात एक-दोन नॅनोसेकंदांचा जरी फरक पडला, तरी त्यावर बारीक स्पाइक येऊ शकतो. इनेबल पिनवर तो निरुपद्रवी असतो, कारण इनेबलकडे फक्त क्लॉकच्या एजपाशी लक्ष दिलं जातं. क्लॉक पिनवर तोच स्पाइक एक जादा मोजणी करून जातो. वरचा अंक मध्येच कधीतरी एकाने पुढे पळत असेल, तर आधी ही तार तपासा.

## सिंक्रोनस काउंटरच्या डीकोडरवर स्पाइक अजिबात येत नाहीत ना?

येतात, पण लहान. चारही फ्लिप-फ्लॉप एकाच एजवर चालले तरी त्यांचे उशीर तंतोतंत सारखे नसतात, आणि ० वरून १ होण्याचा वेळ १ वरून ० होण्याच्या वेळेपेक्षा वेगळा असतो. ७४एलएस१६१ए मध्येच हे आकडे साधारण १३ आणि १८ नॅनोसेकंद आहेत. त्यामुळे ७ ते ८ च्या वेळी काही नॅनोसेकंद भलतीच संख्या दिसू शकते. डीकोडरचं आउटपुट क्लॉक किंवा क्लिअर म्हणून वापरायचं असेल, तर ते आधी त्याच क्लॉकवरच्या डी फ्लिप-फ्लॉपमधून काढा. एका क्लॉकचा उशीर होईल, पण एज स्वच्छ मिळेल.

याच कारणासाठी मॉड-१० करताना ७४एलएस१६१ पेक्षा ७४एलएस१६३ घ्यावा. दोघांच्या पिना सारख्याच, पण १६१ चा क्लिअर असिंक्रोनस आहे आणि १६३ चा क्लॉकची वाट पाहतो. १६३ मध्ये ९ डीकोड करायचा, १० नाही. हे विसरलं की काउंटर अकरा पायऱ्यांचा होतो.

## मग सीडी४०४० सारखे रिपल काउंटर अजून का विकत मिळतात?

कारण कितीतरी कामांत चालू मोजणी वाचायचीच नसते.

सीडी४०४० हा बारा टप्प्यांचा रिपल काउंटर. ५ व्होल्टवर क्लॉकपासून पहिल्या आउटपुटपर्यंत साधारण १८० नॅनोसेकंद लागतात, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला साधारण १००. शेवटच्या बिटापर्यंत १८० + ११ × १०० म्हणजे १२८० नॅनोसेकंद. कमाल आकडे याच्या दुप्पट धरायचे, म्हणजे २५६० नॅनोसेकंद. मोजणी मात्र ३.५ मेगाहर्ट्झपर्यंत हमखास होते.

आता फक्त १ मेगाहर्ट्झ देऊन चालू मोजणी वाचायचा प्रयत्न करा आणि २०४७ ते २०४८ ची उडी बघा. पुढची एज १००० नॅनोसेकंदांवर येते, तिच्यामुळे पहिलं बिट ११८० ला चढतं, आणि बारावं बिट चढतं १२८० ला. आउटपुट २०४६, २०४४, २०४० असं घसरत १०२४ पर्यंत येतं, मग १०० नॅनोसेकंद १ दाखवतं आणि उडी मारून २०४९ वर जातं. २०४८ कधीच दिसत नाही. १ मेगाहर्ट्झ हा काही मोठा वेग नव्हे.

याच आयसीने फ्रीक्वेन्सी मीटर केला तर एकही आकडा चुकत नाही. १ मिलिसेकंद गेट उघडा ठेवा, सिग्नल आत जाऊ द्या, गेट बंद करा, ५ मायक्रोसेकंद थांबा आणि मग मायक्रोकंट्रोलरने बारा बिटं वाचा. १ मेगाहर्ट्झला १००० मिळतील (गेटच्या कडेमुळे एखादा इकडे तिकडे). ते ५ मायक्रोसेकंद थांबणं हा सिंक्रोनस काउंटरला पर्याय झाला. वाचून झालं की ११ नंबरच्या रिसेट पिनला क्षणभर १ द्या आणि पुढची फेरी सुरू करा.

## उशीर साचतो तर क्वार्ट्झ घड्याळ मागे पडत नाही का?

नाही. उशीर साखळीच्या लांबीत साचतो, काळात नाही. ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलला पंधरा वेळा दोनाने भागलं की सेकंदाला एक पल्स मिळते. ती पल्स समजा दीड मायक्रोसेकंद उशिरा आली, तर पुढचीही तितक्याच उशिरा येते. दोन पल्समधलं अंतर एक सेकंदच राहतं.

इथे रिपलचा दुसरा गुण उपयोगी पडतो. पहिल्या टप्प्याला पूर्ण वेग, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला पाव, म्हणजे सगळ्या पंधरा टप्प्यांना मिळून क्लॉकच्या दुपटीहून कमी एजा मिळतात. सिंक्रोनसमध्ये पंधराही फ्लिप-फ्लॉपना पूर्ण वेगाचा क्लॉक द्यावा लागतो. सीमॉसमध्ये वीज मुख्यतः एजवरच खर्च होते, त्यामुळे बटणाच्या सेलवर हा फरक मोठा ठरतो.

अतिवेगवान सर्किटात भागलेल्या क्लॉकची एज अगदी नेमक्या वेळी हवी असेल, तर मात्र प्रत्येक टप्पा आपली थोडी थोडी अस्थिरता मिळवत जातो. मग शेवटचं आउटपुट मूळ क्लॉकवरच्या एका डी फ्लिप-फ्लॉपमधून पुन्हा काढतात आणि मधल्या टप्प्यांची भर पुसली जाते.

## हा उशीर प्रयोगशाळेत स्वतः बघता येतो का?

७४एलएस९३ घ्या. त्याचे सप्लाय पिन कोपऱ्यात नाहीत: ५ नंबरला +५ व्होल्ट आणि १० नंबरला ग्राउंड. १४ आणि ७ ला सप्लाय देऊन ‘आयसी खराब आहे’ म्हणणारे दर बॅचला सापडतात. १२ नंबरचा क्यूए बाहेरून १ नंबरच्या बी क्लॉकला जोडा. २ आणि ३ हे रिसेट पिन ग्राउंड करा, कारण टीटीएलमध्ये मोकळा पिन १ समजला जातो आणि काउंटर शून्यावर खिळून बसतो. सप्लायच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

१४ नंबरला १ मेगाहर्ट्झचा ० ते ५ व्होल्टचा चौकोनी सिग्नल द्या. स्कोपच्या पहिल्या चॅनलवर १४ नंबर, दुसऱ्यावर ११ नंबरचा क्यूडी, आणि ट्रिगर क्यूडीच्या चढत्या एजवर. टाइमबेस २० नॅनोसेकंद प्रति डिव्हिजन. क्लॉकच्या पडत्या एजपासून क्यूडी चढेपर्यंत साधारण ४६ नॅनोसेकंद दिसतील, डेटाशीटमधली कमाल ७० आहे. मग दुसरा प्रोब क्रमाने १२, ९, ८ वर न्या. ट्रिगर ११ वरच ठेवायचा असल्याने बाह्य ट्रिगर वापरा, म्हणजे पायऱ्या एकेक करून सरकताना दिसतील. प्रोब ×१० वर हवा आणि स्कोप शक्यतो १०० मेगाहर्ट्झचा. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या सीआरओची स्वतःची एजच साधारण १७ नॅनोसेकंदांची असते, तिथे एकेका टप्प्याचा उशीर तिच्यातच हरवतो.

## ७४७४ वापरून तोच रिपल काउंटर केला तर उलटा का मोजतो?

७४७४ चढत्या एजवर चालतो. पुढच्या क्लॉकला क्यू दिला तर खाली मोजतो, क्यू बार दिला तर वर. उशिराचं गणित तेच.

## एफपीजीएमध्ये रिपल काउंटर लिहायला हरकत आहे का?

आहे. कोड असा दिसतो:

```verilog
always @(negedge clk)  q[0] <= ~q[0];
always @(negedge q[0]) q[1] <= ~q[1];
```

इथे `q[0]` हा डेटा होता, तो क्लॉक झाला. एफपीजीएमध्ये क्लॉकसाठी खास वाटा असतात आणि हा सिग्नल साध्या वायरिंगमधून निघतो, त्यामुळे त्याचा उशीर दर कंपाइलला बदलू शकतो. टायमिंग अ‍ॅनालायझरला प्रत्येक बिट हा वेगळा क्लॉक दिसतो. तुम्ही ते क्लॉक स्वतः घोषित केले नाहीत, तर त्या बिटांची नीट तपासणीच होत नाही आणि अहवाल मात्र स्वच्छ दिसतो. त्याऐवजी हे लिहा:

```verilog
always @(posedge clk) q <= q + 1'b1;
```

बेरजेचा कॅरी आतल्या वेगवान कॅरी साखळीतून जातो. हळू पल्स हवी असेल तर वरचं बिट क्लॉक म्हणून वापरू नका. ठरावीक मोजणीला एका क्लॉकपुरता इनेबल काढा आणि पुढचं सर्किट मूळ `clk` वरच ठेवा. ७४एलएस१६१ च्या `RCO` ला `ENP` वर न्यायचं आणि क्लॉक पिनवर न्यायचं नाही, त्याच नियमाची ही दुसरी आवृत्ती.